नम्र नकार : पान ७, ओळ १४२

"रिव्ह्यूअर म्हणेल ते मुकाट्यानं करून टाक आणि पेपर छापून घे." संशोधनाच्या वाटेला गेलेल्या प्रत्येकाला हा सल्ला कुणी ना कुणी दिलेला असतो. देणारा बहुधा वयानं मोठा असतो, प्रेमानं देतो, आणि त्याचे स्वतःचे पन्नासएक पेपर असेच छापून आलेले असतात. त्यामुळे उलट बोलायची सोय नाही. पण हा सल्ला मला पटत नाही. नुसता पटत नाही असं नव्हे, तर तो घातक आहे असं माझं मत आहे, आणि आज त्याबद्दलच जरा सविस्तर भांडायचं आहे.

आधी घरच्या वाचकांसाठी थोडक्यात. (आत्या, हे तुझ्यासाठी. "तुम्ही लोक पेपर पेपर करता म्हणजे नक्की काय करता?" असं तू विचारलं होतंस.) संशोधनाचा लेख जर्नलकडे पाठवला की संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांना वाचायला देतात. हे रिव्ह्यूअर. ते कोण हे बहुतेक वेळा आपल्याला कळत नाही. ते शंका, चुका, सूचना लिहून पाठवतात. मग आपण लेख दुरुस्त करतो आणि सोबत एक पत्र जोडतो. त्यात प्रत्येक सूचना जशीच्या तशी उतरवायची, तिला क्रमांक द्यायचा आणि खाली आपलं उत्तर लिहायचं. डॉक्टरमंडळींच्या संशोधनातले आकडे तपासणं हे माझं काम, त्यामुळे अशी पत्रं माझ्याकडे सतत येत असतात. "जरा बघ ना, आकड्यांबद्दल काहीतरी विचारलंय."

या पत्रांच्या दोन जाती मला ओळखू यायला लागल्या आहेत. पहिली जात लोटांगणाची. प्रत्येक सूचनेखाली एकच वाक्य : "आपल्या मौलिक सूचनेबद्दल आभारी आहोत, त्यानुसार सुधारणा केली आहे." कुठे केली, काय केली, पत्ता नाही. दुसरी जात कोर्टातल्या जबाबाची. "रिव्ह्यूअरनी आमचा लेख नीट वाचलेला दिसत नाही." या दोन्ही जातींमध्ये एक गोष्ट समान आहे. लेख पुढे जो वाचणार आहे, त्याचा विचार दोघांनीही केलेला नसतो. एकाला पेपर छापून हवा असतो, दुसऱ्याला भांडण जिंकून हवं असतं.

आता एक उदाहरण घेऊ. मला वारंवार भेटणाऱ्या एका सूचनेचं आहे, आकडे मात्र मी समजावण्यासाठी बनवलेले आहेत.

गुडघेदुखीचे ८० रुग्ण. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले, प्रत्येकी ४०. एका गटाला बारा आठवडे ठरावीक व्यायाम, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. वेदना शून्य ते दहाच्या मापावर मोजायची, सुरुवातीला एकदा आणि बारा आठवड्यांनी पुन्हा. अशा लेखात पहिला तक्ता ठरलेला असतो : सुरुवातीला दोन्ही गट कसे होते. वय, वजन, स्त्रिया किती, दुखणं किती वर्षांचं, जास्त दुखणारा गुडघा डावा की उजवा, सुरुवातीची वेदना किती, अशा समजा बारा ओळी.

आणि रिव्ह्यूअर क्रमांक दोन लिहितात : "तक्ता १ मध्ये प्रत्येक ओळीपुढे पी-व्हॅल्यू द्यावी. जिथे दोन गटांमध्ये सिग्निफिकंट फरक असेल, ती गोष्ट लक्षात घेऊन निष्कर्ष अ‍ॅडजस्ट करावा."

वाचायला किती शहाणपणाचं वाटतं! गट सारखे होते का ते तपासा, नसतील तर हिशेबात धरा. दहातले आठ लेखक इथे एक रकाना वाढवतात आणि मोकळे होतात. संगणकावर पाच मिनिटांचं काम. "त्यात काय एवढं?"

त्यात एवढं आहे. दोन गटांमधला एखादा फरक निव्वळ योगायोगानं पडला असं धरलं, तर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे पी-व्हॅल्यू सांगते. ती फार कमी आली की आपण म्हणतो, हा नुसता योगायोग दिसत नाही. पण इथे गट आपणच चिठ्ठ्या टाकून केलेले आहेत. चिठ्ठ्या प्रामाणिकपणे टाकल्या असतील तर सुरुवातीचा जो काही फरक आहे तो योगायोगच आहे. शंभर टक्के. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे तोच प्रश्न आपण संगणकाला विचारतो आहोत.

भिशीचं बघा. सगळ्यांसमोर डब्यातून चिठ्ठी काढली आणि शेजारच्या काकूंचं नाव सलग दोनदा आलं. आता "हे योगायोगानं आलं असण्याची शक्यता किती?" याचं गणित मांडून काही हाती लागत नाही. विचारायचाच तर वेगळा प्रश्न विचारायला हवा : चिठ्ठ्या सारख्या घडीच्या होत्या का, डबा नीट हलवला का, काढणाऱ्याला आत दिसत होतं का? चिठ्ठीचा प्रामाणिकपणा चिठ्ठी काढण्याच्या रीतीत असतो. हा मुद्दा पुढे पत्रात कामाला येणार आहे.

आता त्या बारा ओळींवर पी-व्हॅल्यू काढली तर काय होतं ते पाहू. प्रत्येक ओळीत निव्वळ योगायोगानं ०.०५ च्या खाली जाण्याची शक्यता पाच टक्के. ओळी एकमेकींशी निगडित नाहीत असं धरलं, तर बारांपैकी निदान एक ओळ तरी 'सिग्निफिकंट' निघण्याची शक्यता जवळजवळ ४६ टक्के. म्हणजे छापा-काटाच म्हणा. आपल्या उदाहरणात ती ओळ निघाली गुडघ्याची. जास्त दुखणारा गुडघा डावा असलेले रुग्ण व्यायामाच्या गटात ४० पैकी १५, दुसऱ्या गटात २४. पी-व्हॅल्यू साधारण ०.०४. झालं! रिव्ह्यूअरच्या सूचनेप्रमाणे आता निष्कर्ष डाव्या-उजव्यासाठी अ‍ॅडजस्ट करायचा.

आणि सुरुवातीची वेदना? व्यायामाच्या गटात सरासरी ६.१, दुसऱ्या गटात ६.६. दोन्हीकडे स्टँडर्ड डेव्हिएशन १.५. पी-व्हॅल्यू ०.१४. म्हणजे 'सिग्निफिकंट नाही', सोडून द्या.

इथे थांबून विचार करा. बारा आठवड्यांनी रुग्णाला किती दुखेल हे कशावर जास्त अवलंबून असेल, गुडघा डावा आहे यावर की सुरुवातीला किती दुखत होतं यावर? कुठलीही आजी याचं उत्तर देईल. सुरुवातीला ज्याला जास्त दुखतं त्याला शेवटीही जास्त दुखण्याकडे कल असतो. म्हणजे ज्या ओळीचा निकालाशी संबंध नाही तिच्यासाठी अ‍ॅडजस्ट करायचं, आणि जिचा सगळ्यात जास्त संबंध आहे ती सोडायची. सूचना पाळली तर नेमकं उलटं काम होतं.

किती उलटं? बारा आठवड्यांनी व्यायामाच्या गटाची सरासरी वेदना ४.२, दुसऱ्याची ५.५. साधी वजाबाकी केली तर व्यायामाचा फायदा १.३ गुणांचा, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.६ ते २.०. पण व्यायामाचा गट सुरुवातीलाच अर्ध्या गुणानं बरा होता. सुरुवातीची आणि शेवटची वेदना यांचं कोरिलेशन ०.६ असेल तर त्या अर्ध्या गुणातला ०.३ शेवटपर्यंत टिकतो, आणि तो व्यायामाच्या खात्यात फुकटचा जमा होतो. सुरुवातीची वेदना हिशेबात धरली (याला अँकोव्हा म्हणतात) की फायदा उरतो १.० गुणाचा, इंटरव्हल ०.५ ते १.५. फायदा कमी झाला, पण इंटरव्हलही आक्रसला. म्हणजे उत्तर जास्त प्रामाणिक झालं आणि जास्त नेमकंही.

१.३ की १.०, हा वाद घालण्यासारखा आहे. उद्या कुणी डॉक्टर हा लेख वाचून रुग्णाला सांगणार आहे की आठवड्यातून तीनदा अर्धा तास घाम गाळलात तर इतका फरक पडेल. तो आकडा फुगलेला असू नये. रिव्ह्यूअरचं मन राखायला म्हणून आपण तो फुगलेलाच ठेवणार असू, तर त्या सौजन्याची किंमत रुग्णाच्या खिशातून जाते.

तर, नाही म्हणायचं. पण कसं? मी अशा वेळी सुचवते ते पत्र खाली देते. खरं पत्र इंग्रजीत जातं, इथे मराठीत लिहिलं आहे.

"सूचना २.४ : (रिव्ह्यूअरचं म्हणणं शब्दशः.)

उत्तर : दोन गट तुलनेला योग्य होते का हे वाचकाला समजलं पाहिजे, हा आपला मुद्दा आम्हाला मान्य आहे. मूळ मसुद्यात रँडमायझेशनची माहिती एकाच वाक्यात दिली होती, आणि सुरुवातीच्या वेदनेसाठी अ‍ॅडजस्ट केल्याचा उल्लेख सहज नजरेआड होईल असा होता. या दोन्ही ठिकाणी मजकूर वाढवला आहे.

तक्ता १ मध्ये पी-व्हॅल्यू मात्र आम्ही घातलेल्या नाहीत. गट रँडम पद्धतीनं ठरवलेले असल्यामुळे त्यांच्यातले सुरुवातीचे फरक योगायोगाचेच आहेत, आणि पी-व्हॅल्यू त्यापलीकडे काही सांगू शकत नाही. कन्सॉर्ट २०१० च्या स्पष्टीकरणातही अशा चाचण्या करू नयेत असं म्हटलं आहे. कोणत्या गोष्टीसाठी अ‍ॅडजस्ट करायचं हे आम्ही प्रोटोकॉलमध्ये, माहिती गोळा करण्याआधीच, ठरवलं होतं : सुरुवातीची वेदना. तिच्या दोन गटांतल्या सरासरीत ०.५ गुणांचा फरक आहे, आणि तो निकालात धरलेला आहे.

केलेले बदल (पानं आणि ओळी बदल न दाखवणाऱ्या स्वच्छ प्रतीतल्या आहेत) :

पान ५, ओळ ९८ ते १०३. आधी : 'रुग्णांची रँडम पद्धतीनं दोन गटांत विभागणी केली.' आता : 'विभागणीची यादी संगणकावर, ४ आणि ६ च्या ब्लॉक्समध्ये, रुग्णभरतीत सहभाग नसलेल्या व्यक्तीनं तयार केली. गट क्रमांक घातलेल्या, अपारदर्शक, बंद पाकिटांत ठेवले होते. रुग्णाचं नाव नोंदवून सुरुवातीची वेदना मोजल्यानंतरच पाकीट उघडलं.'

पान ७, ओळ १४२ ते १४५. आधी : 'सुरुवातीचा स्कोअर विचारात घेऊन तुलना केली.' आता : 'बारा आठवड्यांच्या वेदनेची तुलना अँकोव्हानं केली. सुरुवातीची वेदना हा एकमेव कोव्हेरिएट होता आणि तो प्रोटोकॉलमध्ये आधीच ठरवलेला होता.'

पान ९, ओळ १८८ ते १९१. नवं वाक्य : 'अ‍ॅडजस्ट न करता फरक १.३ गुण होता (०.६ ते २.०), सुरुवातीच्या वेदनेसाठी अ‍ॅडजस्ट केल्यावर १.० (०.५ ते १.५). आमचा मुख्य निष्कर्ष दुसऱ्या आकड्यावर आधारलेला आहे.'

तक्ता १, तळटीप. नवी : 'गट रँडम पद्धतीनं ठरवलेले असल्यामुळे सुरुवातीच्या फरकांवर सिग्निफिकन्स चाचण्या केलेल्या नाहीत.'"

एवढंच पत्र. आता यातल्या काही गोष्टींकडे बोट दाखवते, कारण माझं भांडण नेमकं तिथेच आहे.

पहिली गोष्ट. नकार दुसऱ्या परिच्छेदात आहे, पहिल्यात नाही. आणि हे साखर लावून कडू गोळी देणं नाही. रिव्ह्यूअरच्या सूचनेमागे एक खरी काळजी होती : गट बरोबरीचे होते का? त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा होता, काळजी नव्हे. भिशीच्या डब्यात डोकावून बघण्याचा हक्क त्यांना आहेच, म्हणून पहिला बदल पाकिटांबद्दल आहे. रँडमायझेशन नीट झालं याचा पुरावा पी-व्हॅल्यूत सापडत नाही, तो त्या सहा ओळींत सापडतो. ज्या पत्रात उपाय नाकारला आहे पण काळजीला उत्तर दिलेलं नाही, तो नुसता हट्ट.

दुसरी गोष्ट. नकारातही चार बदल आहेत. "आम्ही आपल्याशी सहमत नाही, म्हणून बदल केलेला नाही" हे वाक्य मला कुठल्याच पत्रात चालत नाही. एका जाणकार माणसानं लेख वाचला आणि त्याला अमुक समजलं नाही, म्हणजे उद्या आणखी शंभर जणांना ते समजणार नाही. त्यांना पत्र वाचायला मिळेलच असं नाही, त्यांच्या हातात फक्त लेख पडणार. म्हणून पत्रातलं स्पष्टीकरण लेखातही उतरलं पाहिजे. तळटीप त्यासाठीच आहे. नाहीतर पुढचा वाचक हाच आक्षेप घेऊन संपादकाला पत्र लिहील, आणि त्याचंही काही चुकलेलं नसेल.

तिसरी गोष्ट, कारकुनीची वाटेल अशी. आधीचं वाक्य, आताचं वाक्य, पान आणि ओळ. कोणत्या प्रतीतली ओळ हेही सांगितलंय. ट्रॅक चेंजेसच्या प्रतीत खोडलेला मजकूर तसाच दिसत असल्यानं तिथल्या ओळी स्वच्छ प्रतीपेक्षा पुढे सरकतात. रिव्ह्यूअर ओळ १४२ शोधतो आणि त्याला तिथे भलतंच काही सापडतं. एकदा असं झालं की त्याचा बाकीच्या पत्रावरचाही विश्वास उडतो. म्हणून ओळींचे आकडे सगळ्यात शेवटी, अंतिम प्रत तयार झाल्यावरच भरायचे, आणि वाक्य पत्रातच उतरवायचं, म्हणजे शोधाशोध न करताही काम भागेल. आणखी एक नेहमीचा घोळ : निकालाच्या भागात १.० लिहिलं जातं आणि सारांशात जुना १.३ तसाच राहतो. बदललेला प्रत्येक आकडा सारांश, तक्ता, आकृती आणि चर्चा या चारही ठिकाणी शोधून पाहायचा.

आणि या कारकुनीतच नकाराचं बळ असतं. समजा याच रिव्ह्यूअरच्या बारा सूचना होत्या आणि अकरा मान्य केल्या. त्यातली एक होती : रुग्णांनी व्यायाम खरोखर किती केला ते लिहा. लोटांगणी उत्तर येतं : "सुधारणा केली आहे." मला हवं ते उत्तर असं : "पान ८, ओळ १६४. आधी : 'रुग्णांनी व्यायाम नियमित केला.' आता : '४० पैकी ३१ रुग्णांनी ठरलेल्या ३६ सत्रांपैकी किमान २७ पूर्ण केली.'" अशी अकरा उत्तरं ज्यानं वाचली, तो बाराव्या नकाराशी येतो तेव्हा त्याला एक गोष्ट कळलेली असते : ही माणसं कामचुकार नाहीत, पाच मिनिटांचा रकाना घालायचा कंटाळा म्हणून नाही म्हणत नाहीयेत. अकरा वेळा "सुधारणा केली आहे" लिहून बाराव्या वेळी नाही म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

चौथी गोष्ट, आधार एकच दिला आहे. कन्सॉर्ट म्हणजे अशा चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत याची जगभर मानली जाणारी नियमावली. मुद्दा तिच्याही आधीचा आहे. डग्लस ऑल्टमन यांनी १९८५ मध्ये आणि स्टीफन सेन यांनी १९९४ मध्ये तो लिहून ठेवला आहे. पण पत्रात दहा संदर्भांची चळत लावली की ती माहिती वाटण्याऐवजी धाक वाटते. एक कारण स्वतःच्या शब्दांत आणि एक सर्वमान्य आधार, एवढं पुरतं. ज्याला आणखी वाचायचं आहे तो तिथून पुढे जाईल.

आता समोरच्या बाजूचं. "पण सुरुवातीचे आकडे तपासून लबाड्या पकडल्या आहेत की!" पकडल्या आहेत, खरं आहे. जॉन कार्लाइल या इंग्लंडमधल्या भूलतज्ज्ञानं २०१७ मध्ये पाच हजारांवर चाचण्यांचे सुरुवातीचे तक्ते तपासले आणि ज्यांच्यातले आकडे संशयास्पद वाटतात अशा चाचण्या दाखवून दिल्या. त्यानंतरच्या पडताळणीत स्पेनमधली भूमध्यसागरी आहाराची मोठी चाचणी, प्रेडिमेड, सापडली. २०१३ मध्ये छापलेला तिचा लेख २०१८ मध्ये मागे घेऊन दुरुस्त स्वरूपात पुन्हा छापावा लागला. एका घरातली माणसं एकाच गटात टाकली गेली होती, आणि एका ठिकाणी तर अख्खी क्लिनिक्स एकेका गटात टाकली होती. म्हणजे चिठ्ठ्या प्रत्येक माणसाच्या नावानं निघाल्याच नव्हत्या.

पण हे उदाहरण माझ्याच बाजूनं बोलतं. कार्लाइल सगळा तक्ता एकत्र धरून विचारत होते, चिठ्ठ्या खरंच टाकल्या का? आपले रिव्ह्यूअर एकेक ओळ धरून विचारतायत, कशासाठी अ‍ॅडजस्ट करायचं? पहिला प्रश्न पोलिसाचा आहे आणि तिथे गणिताला जागा आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निकाल कशावर अवलंबून असतो या ज्ञानातून यायला हवं, आणि तेही आकडे बघण्याआधी. शिवाय प्रेडिमेडमध्ये शेवटी सत्य कळलं ते चिठ्ठ्या कशा टाकल्या हे जाऊन तपासल्यावरच. पुन्हा पाकिटंच!

मग प्रत्येक न पटणाऱ्या सूचनेला नाही म्हणायचं का? मुळीच नाही. मी एक साधी कसोटी लावते. सूचना मानल्यानं लेख फक्त लांब किंवा जरासा कुरूप होणार असेल, तर मानावी. एखादं जादा विश्लेषण मागितलं तर करून द्यावं आणि "हे रिव्ह्यूअरच्या सूचनेवरून नंतर केलं आहे" असं लेखात स्वच्छ लिहावं. वाक्य फिरवायला सांगितलं तर फिरवावं. पण सूचना मानल्यानं वाचकाची दिशाभूल होणार असेल, तर तिथे पाय रोवायचे. बारा सूचनांत अशी एखादीच असते, आणि म्हणूनच तिच्यासाठी आब राखून ठेवायचा. प्रत्येक स्वल्पविरामासाठी लढणाऱ्याचं खरं भांडणही कुणी मनावर घेत नाही.

कधीकधी संपादकही म्हणतात, "ते काही नाही, रकाना घालाच." तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा. तरी दोन गोष्टी आपल्या हातात उरतात. रकाना घातला तरी अ‍ॅडजस्टमेंट त्याच्यावरून ठरवायची नाही, आणि तळटीपेत लिहायचं की या पी-व्हॅल्यू जर्नलच्या सांगण्यावरून दिल्या आहेत, विश्लेषणाची निवड त्यांच्यावरून केलेली नाही. डावा गुडघा तक्त्यात बसला तरी निष्कर्षात येऊन बसत नाही.

आणि शेवटी तो मोठ्यांचा सल्ला. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला एकदा ऐकवलं होतं, "अहो, तत्त्वं सांभाळत बसलात तर या पोरांची प्रमोशनं कोण देणार?" प्रश्न खोटा नाही. सहा महिने वाट बघून आलेलं पत्र, वर वरिष्ठांचा तगादा, आणि समोर निनावी माणूस ज्याच्या हातात होय-नाही आहे. अशा वेळी वाकायचा मोह होणारच. पण या सल्ल्यात एक गृहीतक दडलं आहे, की रिव्ह्यूअर हा नैवेद्य दाखवून शांत करायचा देव आहे. तो तुमच्या-माझ्यासारखाच कामाच्या धबडग्यातून, संध्याकाळी, बिनपगारी हे वाचणारा माणूस असतो. त्यानं ती पी-व्हॅल्यूची सूचना बहुधा सवयीनं लिहिलेली असते, कारण त्याच्याही पेपरवर कुणीतरी तीच लिहिली होती आणि त्यानंही मुकाट्यानं रकाना घातला होता. मुकाट्यानं मानलेली चुकीची सूचना अशी एका पेपरवरून दुसऱ्या पेपरवर चालत जाते. कुणीतरी एकानं नीट कारण देऊन नाही म्हटलं तर ती साखळी निदान त्या एका माणसापाशी तुटते, आणि पुढच्या वेळी तोच रिव्ह्यूअर दुसऱ्या कुणाला ती सूचना लिहिताना थांबतो.

शिवाय ही पत्रं आता नेहमीच बंद दाराआड राहत नाहीत. बीएमजे ओपन, ईलाइफ अशा जर्नलांमध्ये रिव्ह्यू आणि लेखकांची उत्तरं लेखासोबत कुणालाही वाचता येतात. दहा वर्षांनी एखादी विद्यार्थिनी तुमचा तक्ता १ बघेल, त्यात पी-व्हॅल्यूचा रकाना नाही हे तिला खटकेल, आणि ती पत्र उघडेल. तिथे तिला "सुधारणा केली आहे" एवढंच सापडावं, की ओळ १४२ सापडावी, हे आपण ठरवायचं आहे.